चार बाटल्या आणि रोजचा एक पेग

*ताई, नमस्कार. वय ५९. एसटीत कंडक्टर होतो, गेल्या वर्षी सुटलो. घर मालवण तालुक्यात, थोडे माड, थोडे काजू. रोज रात्री जेवणाआधी एकच पेग रम घेतो, साठचा. वीस वर्षं झाली. कधी तोल गेला नाही, कधी घरात आवाज चढला नाही. श्रावणात महिनाभर बंद आणि घरात गणपती असेपर्यंतही बंद, त्याचा त्रास काही होत नाही. महिन्याला चार बाटल्या लागतात, त्यातली एखादी पाहुण्यांत जाते. मे महिन्यात मात्र काजूची घेतो, गावातलीच, नैसर्गिक. सून मुंबईला असते. ती म्हणते, बाबा, थोडी घेतली तरी कॅन्सर होऊ शकतो. ती स्वतः शनिवारी वाइनचा ग्लास घेते, द्राक्षांची म्हणून ती चालत असावी! आमचा एक चुलतभाऊ आयुष्यात थेंब न घेता जबड्याच्या कॅन्सरने गेला आणि शेजारचे आबा रोज माडी पिऊन नव्वदीला पोचले. थोडी घेतलेली हृदयाला बरी, असंही वाचलंय. तंबाखू म्हणाल तर दिवसातून चार-पाच वेळा, पूर्वीपेक्षा खूप कमी. डाव्या गालात आत जरा खरखरीत लागतं, तिकडची दाढ तुटलीय ती घासत असेल. तर रोजच्या एका पेगने खरंच काही होतं का? आणि होत असेल तर किती घेतली म्हणजे चालेल?*

दादा, तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण माझी नजर अडकली ती त्याच्या आधीच्या दोन वाक्यांवर. तंबाखू चार-पाच वेळा आणि डाव्या गालात खरखर. ती खरखर येत्या आठवड्यात कुणाला तरी दाखवा. दाढेमुळेही असेल, तसं असलं तर दाढ घासून गुळगुळीत केली की जाईल. पण ते घरी बसून ठरवता येत नाही, आणि मला पत्रावरून तर नाहीच नाही. कुठे जायचं, तिथे काय होईल, ते शेवटी सांगते. आधी तुमच्या पेगचा हिशोब करू, कारण तुम्ही सगळे आकडे दिलेत आणि कंडक्टरला हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

महिन्याला चार बाटल्या, एखादी पाहुण्यांत गेली, राहिल्या तीन. बाटली ७५० मिलीची, म्हणजे २,२५० मिली. भागिले तीस. उत्तर येतं ७५. साठचा पेग रोज पंचाहत्तरचा होतोय, आणि ज्या महिन्यात पाहुणे येत नाहीत त्या महिन्यात शंभरचा. तुम्ही खोटं बोलताय असं नाही. माझे वडील स्टीलच्या पेल्यात दोन बोटं मोजून घ्यायचे. एकदा पेला बदलला, रुंद तोंडाचा आला, बोटं दोनच राहिली आणि बाटली मात्र चार दिवस आधी संपायला लागली. आई म्हणाली, बोटं जाड झाली वाटतं तुमची. घरी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असेलच. रोजच्यासारखं पेल्यात ओता आणि मग ते झाकणाने मोजून बघा.

आता पुढचा भागाकार. रम, व्हिस्की, ब्रँडी यांच्या बाटलीवर आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे ७५ मिली रममध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण ३२ मिली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वजनात ते पंचवीस ग्रॅम भरतं. हे पंचवीस ग्रॅम लक्षात ठेवा. कॅन्सरचा अभ्यास करणारे पेग मोजत नाहीत, ग्रॅम मोजतात, आणि एकदा ग्रॅममध्ये आलात की रम, वाइन, बियर, माडी, काजूची, सगळी एकाच तराजूत येतात. पाच टक्क्यांच्या माडीचा पाव लिटरचा पेला म्हणजे दहा ग्रॅम. स्ट्राँग बियरची मोठी बाटली आठ टक्क्यांची असली तर चाळीस ग्रॅम. ‘बियरच तर होती’ म्हणणारा पुतण्या तुमच्या पुढे आहे.

दारूमुळे कॅन्सर होतो, ही सुनेने मोबाईलवर वाचलेली कालपरवाची गोष्ट नव्हे. फ्रान्समध्ये लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. कुठल्या गोष्टींनी माणसाला कॅन्सर होतो याची यादी ती ठेवते. पुरावा पक्का झाल्याशिवाय पहिल्या गटात नाव जात नाही. तंबाखू त्या गटात आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे, आणि १९८८ सालापासून दारूही आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचं स्तन, या सात ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का धरला जातो. लोकांच्या डोक्यात दारू आणि यकृत एवढीच जोडी असते. लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट नॉर्मल आला की मंडळी निश्चिंत होतात. गालाबद्दल त्या रिपोर्टमध्ये एक अक्षर नसतं.

मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून सातांपैकी तोंडाबद्दलच सविस्तर सांगते. तुम्हालाही त्याचीच गरज आहे.

दारूचा घोट तोंडात गेला की यकृताची वाट न बघता काम तिथेच सुरू होतं. आपल्या जिभेवर, दातांच्या फटीत, हिरड्यांच्या कडेला जंतूंची वस्ती असते. ते अल्कोहोलचं रूपांतर अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या रसायनात करतात. यकृतातही अल्कोहोलचं आधी हेच होतं, पण तिथे त्याला लगेच पुढच्या, निरुपद्रवी पायरीवर ढकलणारं एन्झाइम भरपूर असतं. तोंडात ते फार थोडं. त्यामुळे रक्तात जेवढं अ‍ॅसिटाल्डिहाइड दिसतं त्याच्या कितीतरी पट लाळेत साठतं, तेही घोट घेतल्यावर काही मिनिटांत. गिळायचीही गरज नाही, नुसती चूळ भरून थुंकली तरी ते लाळेत सापडतं. म्हणून ‘मला चढत नाही’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही. चढतं ते मेंदूला. गालाच्या अस्तराला चढण्याशी देणंघेणं नसतं, त्याच्याशी कशाचा किती वेळ संपर्क आला एवढंच तिथे चालतं. जितकी तोंडाची स्वच्छता वाईट, किडक्या दाढा जास्त, तितके जंतू जास्त आणि तितका हा माल जास्त. तुमची तुटकी दाढ या कारणानेही मला खटकते.

हे रसायन पेशीच्या आतल्या डीएनएला चिकटतं. डीएनए म्हणजे पेशीने आपली पुढची प्रत कशी काढायची याचा आराखडा. गालाच्या आतलं अस्तर सतत झिजतं आणि साधारण दोन आठवड्यांत नवं होतं, म्हणजे तिथे प्रती काढायचं काम अखंड चालू असतं. आराखड्याला काही चिकटलेलं असताना प्रत काढली की चूक होते. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं किंवा ती पेशीच मारून टाकतं. एखादी सुटते. अशा सुटलेल्या चुका एकाच पेशीच्या वंशात वर्षानुवर्षं साठत गेल्या की मग ती पेशी कुणाचं ऐकेनाशी होते. त्यामुळे एका रात्री किती प्यालात यापेक्षा किती हजार रात्री प्यालात हे मोजावं लागतं. तुमच्या वीस वर्षांच्या, श्रावण वजा करून, साडेसहा हजारांच्या वर रात्री झाल्या.

आता त्यात तंबाखू घाला. तंबाखूत नायट्रोसअमाइन नावाची, स्वतःच कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. ती गालाशी दाबून ठेवली की लाळेत उतरतात आणि अस्तरातून थोडी थोडी आत जातात. अस्तर ओलं, घट्ट विणलेलं असतं, सगळं आत घेत नाही. अल्कोहोल तिथे दोन गोष्टी करतं. ते द्रव्यांना चांगलं विरघळवतं आणि अस्तराची वीण सैल करतं. रंगाचा डाग पाण्याने जात नाही आणि टर्पेंटाइनने जातो, तसा काहीसा प्रकार, फक्त इथे डाग बाहेर न निघता आत जातो. पेग झाला, जेवण झालं, मग पायरीवर बसून निवांत तंबाखू मळायची आणि डाव्या गालात ठेवायची, हा तुमचा रोजचा क्रम असेल असं मी धरून चालते. चुकत असेन तर कळवा. पण तीस वर्षांत या गावांत मी हाच क्रम ऐकत आलेय, आणि माणूस तंबाखू ज्या बाजूला ठेवतो त्याच बाजूला बोट लावून ‘इथे खरखरतं’ म्हणतो.

याच गोष्टीचा आपल्या देशातला एक मोठा अभ्यास डिसेंबर २०२५ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रातल्या संशोधकांनी गालाच्या अस्तराचा कॅन्सर झालेले सुमारे अठराशे पुरुष घेतले, तो नसलेले सुमारे एकोणीसशे घेतले, आणि दोघांनाही काय प्यायचात, किती, किती वर्षं, तंबाखू किती, असं सविस्तर विचारलं. दारू पिणाऱ्यांमध्ये धोका न पिणाऱ्यांपेक्षा ६८ टक्के जास्त निघाला, तंबाखूचा परिणाम हिशोबात धरून. दिवसाला फक्त नऊ ग्रॅम घेणाऱ्यांतही तो साधारण दीडपट होता. नऊ ग्रॅम म्हणजे तुमच्या रमची औषधाच्या दहा मिलीच्या झाकणाने पावणेतीन झाकणं. तुम्ही घेता साडेसात झाकणं. आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडच्या गालाच्या कॅन्सरपैकी ६२ टक्के दारू आणि चघळायचा तंबाखू यांच्या जोडीने होतात.

अशा अभ्यासाला मर्यादा असते, तीही सांगते. माणूस आजारी पडल्यावर त्याला जुन्या सवयी विचारल्या की तो कधी जास्त सांगतो, कधी लपवतो. म्हणून नऊ या आकड्याला देवघरात बसवू नका. तो आठ असेल, बारा असेल. पण इतर देशांतले, आधी सवयी विचारून मग वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवणारे अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. या रेषेखाली धोका शून्य, अशी रेषा कुणाला सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये तेच जाहीर केलं. ‘किती घेतली म्हणजे चालेल’ या तुमच्या प्रश्नाला त्यामुळे मापाचं उत्तर माझ्याकडे नाही. कमी घेतली तर धोका कमी, बंद केली तर आणखी कमी.

दीडपट हा शब्द ऐकून घाबरू नका, तसं निर्धास्तही होऊ नका. दीडपट कशाच्या, ते बघायला हवं. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य सल्लागारांनी, जानेवारी २०२५ मध्ये याचा शंभर माणसांचा हिशोब मांडला होता, तो मला आवडतो. आठवड्यात एक पेगही न घेणाऱ्या शंभर पुरुषांपैकी आयुष्यभरात साधारण दहा जणांना दारूशी संबंधित असलेल्या कॅन्सरपैकी एखादा होतो. रोज एक पेग घेणाऱ्या शंभरांत अकरा-साडेअकरा. रोज दोन घेणाऱ्यांत तेरा. त्यांचा पेग आपल्या रमच्या चाळीस-बेचाळीस मिलीएवढा. तुमचे पंचाहत्तर मिली म्हणजे त्यांचे पावणेदोन पेग, तुम्ही तेराच्या जवळ. शंभरांत तीन जास्त. पण तो हिशोब ऑस्ट्रेलियातल्या माणसांच्या अभ्यासावरून काढलेला, गालात तंबाखू धरून बसणारी त्यांत फारशी नाहीत. तुमच्या बाबतीत तो आकडा तेरावर थांबत नाही, आणि तंबाखूसकट नेमका कितीवर जातो हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही.

चुलतभाऊ आणि आबा यांचं उत्तरही याच शंभरांत आहे. न पिणाऱ्या शंभरांतही दहा आहेतच, चुलतभाऊ त्यांतले. रोज पिणाऱ्या शंभरांतही सत्त्याऐंशी सुटतात, आबा त्यांतले. तुमच्या बागेत माडाखालून रोज जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात नारळ पडत नाही. तरी नातवाची झोळी कुणी माडाखाली बांधत नाही. (चुलतभाऊ तंबाखू, सुपारी खायचे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जबड्याचा म्हणतात तो कॅन्सर बऱ्याचदा गालात किंवा हिरडीत सुरू झालेला असतो, आणि सुपारी एकटीसुद्धा त्याला पुरते.)

काजूचीबद्दल मला वाईट बातमी द्यावी लागतेय. काजूची बोंडं नैसर्गिक, कबूल. पण ती आंबवून, भट्टीवर चढवून जे उतरतं ते तेच अल्कोहोल, आणि वर बाटलीवर टक्के छापलेले नसल्याने किती ग्रॅम घेतलेत याचा पत्ता नाही. शिवाय ज्या पहिल्या धारेची आपण फुशारकी मारतो तिची एक गंमत आहे. अ‍ॅसिटाल्डिहाइड वीस-एकवीस अंशालाच उकळतं, अल्कोहोलच्या कितीतरी आधी, म्हणून भट्टीतून उतरताना ते पहिल्या धारेतच जास्त येतं. म्हणजे तोंडातल्या जंतूंनी जे बनवायचं ते आधीच बनवून पेल्यात घातलेलं. वर सांगितलेल्या अभ्यासातही गावठी दारू पिणाऱ्यांत धोका सगळ्यांत जास्त, ८७ टक्के वाढलेला, निघाला. माडीचंही तेच. माडावरून उतरल्यावर जितका वेळ राहील तितकी आंबते, तितके ग्रॅम वाढतात. ‘भेसळ नाही’ याचा अर्थ विषबाधा होणार नाही एवढाच. कॅन्सर करणारी गोष्ट भेसळीत नाही, मूळ मालातच आहे.

आणि सूनबाई. त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यांची वाइनही त्याच तराजूत येते. दीडशे मिलीच्या ग्लासात चौदा ग्रॅम. बायकांच्या शरीरात अल्कोहोलने इस्ट्रोजेन वाढतं आणि स्तनाच्या कॅन्सरला ते पोषक असतं. सर्जन जनरलच्याच हिशोबात जवळजवळ न पिणाऱ्या शंभर बायकांत अकरा जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, रोज एक पेग घेणाऱ्यांत तेरा जणींना. आठवड्यातून एकदाच घेणाऱ्या बाईचा वाटा यापेक्षा बराच लहान, पण द्राक्षांची म्हणून तो पुसला जात नाही. हे तुम्ही त्यांना सांगायला जाऊ नका, त्या हे सदर वाचत असतीलच.

हृदयाचं थोडक्यात. थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं जुन्या अभ्यासांत दिसायचं. पण त्यांतल्या ‘न पिणाऱ्यांत’ बरेच जण असे होते, ज्यांनी आजार जडल्यावर डॉक्टरांनी दम दिला म्हणून सोडली होती. आजारी माणसांशी तुलना केली की कोणीही ठणठणीत दिसतो. ती मंडळी वेगळी काढली की फायदा बराचसा विरतो. आणि उरलासुरला हृदयाचा फायदा गालाच्या खात्यात जमा होत नाही.

मग आता सोडून उपयोग काय, असं तुमच्या मनात येईल. उपयोग आहे. त्याच लियाँच्या संस्थेने २०२३ मध्ये नुसत्या याच प्रश्नावर पुरावे तपासले आणि दारू कमी केली किंवा सोडली तर तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा धोका घटतो, हे पुरेशा पुराव्याने मान्य केलं. घट हळूहळू, वर्षांच्या हिशोबात होते. लाळेतलं दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड मात्र न घेतलेल्या पहिल्या रात्रीपासूनच नाहीसं होतं.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, श्रावण. महिनाभर बंद ठेवून हात थरथरत नाहीत, झोप उडत नाही, घाम फुटत नाही, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून नाही. तुम्ही उद्यापासून थांबलात तरी औषध लागणार नाही. (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा सकाळी उठल्यावर हात थरथरत असेल आणि घोट घेतल्यावर थांबत असेल, त्याने एकदम बंद करू नये. त्यात फिट येऊ शकते. आधी डॉक्टर.) श्रावणात जेवणाआधीच्या त्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता, कोकम सरबत, शेंगदाणे, भजन, जे काही असेल ते पुढे चालू ठेवा. एक विचारते, श्रावणात तंबाखू बंद असते का? माझा अंदाज, नसते. देवाला रम दिसते आणि तंबाखू दिसत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

दोन्ही सोडा, हे माझं म्हणणं. पण एकच काहीतरी आधी होणार असेल तर तंबाखू आधी, कारण तुमच्या त्या गालाला सगळ्यांत जास्त मार तिचा आहे. १८००-११-२३५६ या सरकारी फुकट नंबरवर तंबाखू सोडायला मदत करतात, मराठीतही बोलतात. आणि तोवर निदान एक करा. ज्या संध्याकाळी एक असेल त्या संध्याकाळी दुसरं नको.

आता खरखर. उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन बसा, हात धुवा, चूळ भरा. डावा गाल बोटाने बाहेर ओढून आत बघा. पांढरट चट्टा दिसतो का? ओल्या कापसाने पुसा. पुसून गेला तर अन्न किंवा बुरशी असेल. पुसून जात नसेल तर तो दाखवायचाच. लालसर, मखमलीसारखा डाग दिसला तर तो पांढऱ्यापेक्षा जास्त घाईचा. मग बोट फिरवा. उजव्या गालाच्या मानाने डावा तिथे कडक, जाड लागतो का? आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? दोनच जात असतील तर गाल आतून आवळत चाललाय, हे तंबाखू-सुपारीवाल्यांत वारंवार दिसतं. शेवटी जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपून बघा, न दुखणारी गाठ आहे का. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, आणि सुरुवातीला हे दुखत नाहीच.

काही सापडलं नाही तरी जा. जवळचा दातांचा डॉक्टर चालेल, नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथे स्वतःहून सांगा, तंबाखू किती वर्षं, कुठल्या गालात, रम किती. पंचाहत्तर सांगा, साठ नको. डॉक्टर बहुधा दाढेची धार घासतील किंवा दाढ काढतील आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतील. त्या दोन आठवड्यांत तंबाखू आणि दारू दोन्ही बंद ठेवायची, नाहीतर त्या तपासणीला अर्थ नाही. अस्तर दोन आठवड्यांत नवं होतं हे वर सांगितलंच, दाढेने घासल्याचं असेल तर तेवढ्यात भरून येतं. नाही आलं, किंवा डॉक्टरांना पहिल्याच दिवशी रंग आवडला नाही, तर ते तुकडा काढून तपासायला पाठवतील. तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणेल की सुरी लागली की पसरतो. पसरत नाही. माझ्याकडचे एक बागायतदार या भीतीने आंब्याचा सीझन संपेपर्यंत थांबले. मार्चमध्ये नखाएवढा असलेला चट्टा जूनमध्ये त्यांच्या जबड्याच्या हाडापर्यंत पोचला होता, आणि मग त्यांना मोठ्या ऑपरेशनसाठी गोव्यात बांबोळीला जावं लागलं.

तुकडा मुगाच्या डाळीएवढा असतो, जागा बधिर करून काढतात, एखादा टाका पडतो. रिपोर्टला थोडे दिवस लागतात. त्यात नुसता चट्टा निघाला आणि पेशी बिघडायला लागलेल्या नसल्या, तर दर तीन-चार महिन्यांनी बघत राहायचं आणि तंबाखू-दारू लांब ठेवायची. असे कितीतरी चट्टे त्यानंतर विरताना मी पाहिलेत. जायच्या आधी डाव्या गालाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, उजेडात, घरातल्या कुणाला सांगितलंत तर ते नीट काढतील. दोन आठवड्यांनी फरक पडला की नाही, हे त्या फोटोशी ताडून बघता येईल.